नळ्यांची तपासणी : दिवस कुठून मोजायचे?

लग्नाला तीन-चार वर्षे झाली, पाळी नियमित आहे, पतीच्या वीर्याची तपासणीही ठीक आली, तरी दिवस राहत नाहीत. अशा वेळी डॉक्टर गर्भनलिका उघड्या आहेत का आणि गर्भपिशवीचा आकार कसा आहे हे पाहायला सांगतात. यासाठी नेहमी केली जाणारी तपासणी म्हणजे एचएसजी. पिशवीच्या तोंडातून बारीक नळीने थोडे औषध आत सोडतात आणि एक्स-रे काढतात. पिशवी त्रिकोणी दिसते, तिच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या नळ्या निघतात आणि नळी उघडी असेल तर औषध टोकातून पोटात सांडताना दिसते.

ही तपासणी महिन्यातल्या मोजक्याच दिवसांत करता येते. रक्तस्राव पूर्ण थांबलेला हवा, पण बीज बाहेर पडलेले नसावे. साधारणपणे पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत हे जमते. उशीर झाला तर नुकत्याच राहिलेल्या गर्भाला एक्स-रेचा धोका असतो. शिवाय पिशवीचे अस्तर जाड होते आणि नळीचे तोंड झाकून ती बंद असल्याचा भास होऊ शकतो. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत पती-पत्नीने संबंध टाळायचे असतात.

आपल्या घरांत इथेच एक घोटाळा होतो. डॉक्टर म्हणतात, “नवव्या दिवशी या.” काही भगिनी हा दिवस गुस्ल करून पाक झाल्यापासून मोजतात. डॉक्टरांचा पहिला दिवस मात्र हैज सुरू झाल्याचा असतो. समजा, केजची एक भगिनी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवते आहे. तिची पाळी 28 दिवसांची. हैज 3 तारखेला सुरू झाला, गुस्ल 9 तारखेला झाला. तिचा नववा दिवस 11 तारखेला येतो. गुस्लपासून मोजले तर ती 17 तारखेला पोहोचते, म्हणजे पंधराव्या दिवशी. तोवर बीज बहुधा बाहेर पडलेले असते. तिला परत पाठवतात आणि महिना जातो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारे जोडपे असेल, तर पुढचे पाच-सहा महिनेही जातात. म्हणून स्राव सुरू होईल त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा आणि रुग्णालयाला कळवून वेळ घ्या. पाळी 24-25 दिवसांनीच येत असेल तर बीज लवकर सुटते. ते आधी सांगा, म्हणजे तारीख अलीकडची मिळेल. महिला कर्मचारी जवळ हवी असल्यास तेही तेव्हाच सांगून ठेवा.

रमजानमध्ये तारीख येत असेल तर रोज्याबाबत आपल्या आलिमांना विचारा. तपासणी तातडीची नसते, डॉक्टरांशी बोलून ती पुढच्या महिन्यात घेता येते. तपासणीनंतर एक-दोन दिवस थोडे रक्त दिसते. ते नळी घातल्यामुळे असते, नवी पाळी नव्हे, तेव्हा तिथून दिवस मोजू नका. नमाजचा मसला आलिमांकडून समजून घ्या. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा दुर्गंधीयुक्त स्राव मात्र जंतुसंसर्गाची खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

अहवाल वाचतानाही घाई नको. नळी पिशवीजवळच बंद दिसली, तर वेदनेने किंवा भीतीने स्नायू आवळल्यामुळेही तसे दिसू शकते. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात किंवा दुर्बिणीतून पाहतात. टोकाशी फुगलेली, बंद नळी बहुधा जुन्या संसर्गाची असते. आपल्या देशात त्यामागे पिशवीचा क्षयरोगही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण खराब झालेली नळी औषधाने पुन्हा कामाची होईलच असे नाही.

पिशवीच्या आकाराबाबत या एक्स-रेची एक मर्यादा आहे. तो फक्त आतली पोकळी दाखवतो. पोकळी दोन भागांत दिसली तर मध्ये पडदा आहे की पिशवीच वरून दुभंगलेली आहे, हे त्यावरून ठरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पडदा गरज असल्यास दुर्बिणीने कापता येतो, दुभंगलेल्या पिशवीत तसे करणे धोक्याचे आहे. बाहेरचा आकार थ्री-डी सोनोग्राफीत दिसतो. तिच्यासाठी मात्र पाळीचा उत्तरार्ध चांगला, कारण तेव्हाचे जाड अस्तर पोकळीची कड स्पष्ट दाखवते. म्हणजे एका तपासणीला जो दिवस उशिराचा, तोच दुसरीला सोयीचा. म्हणून चिठ्ठी हातात आली की एवढे विचारूनच निघा : ही कोणती तपासणी आहे, आणि हैजच्या पहिल्या दिवसापासून कितव्या दिवशी यायचे?