कॉम्प्रेसरचं पाणी

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. "गुरुवारी याचा इंटरव्ह्यू आहे, जरा बघ ना." हा म्हणजे माझा भाचा. यंदा मेकॅनिकल होऊन बाहेर पडलाय, आधी दोन ठिकाणांहून नकार घेऊन आलाय, आणि त्यामुळे घरातलं वातावरण कसं असेल हे तुम्हा नातेवाईक मंडळींना वेगळं सांगायला नको. दुपारी जेवणं झाल्यावर चिरंजीव फाईल घेऊन हजर झाले. मी आमच्या कंपनीत बरीच वर्षं फ्रेशर मुलांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसतो, तेव्हा हे काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं.

फाईलमधला पहिला कागद बायोडेटा. त्यात इंटर्नशिपबद्दल दोन ओळी. भोसरीच्या एका कारखान्यात एक महिना, आणि पुढे 'सीएनसी, व्हीएमसी, क्वालिटी, मेंटेनन्स व असेंब्ली विभागांचा अनुभव'. मी म्हटलं, एका महिन्यात एवढं सगळं? आमच्याकडे माणसं पंधरा वर्षं एका व्हीएमसीवर काढतात!

तो हसला. "अरे मामा, सगळे असंच लिहितात."

बरोबर आहे, सगळे असंच लिहितात. आणि म्हणूनच टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही.

मग मी नेहमीसारखं थर्मोडायनॅमिक्सवर आलो. दुसरा नियम? केल्विन-प्लँकचं विधान धडाधड म्हणून दाखवलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. क्लॉसियसचंही. म्हटलं, आता याचं एक उदाहरण तू स्वतः पाहिलेलं सांग. शांतता. बरं, कारखान्यात तू रोज सकाळी गेल्यावर सगळ्यात पहिल्यांदा काय करायचास? तो जरा चाचरला. मग हळूच म्हणाला, "कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी काढायचो. ते काय सांगायचं?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, बाबा रे, हेच सांगायचं!

ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक वर्कशॉपच्या कोपऱ्यात हवा दाबून साठवणारा एक कॉम्प्रेसर आणि त्याची टाकी असते. टाकीच्या बुडाशी एक कॉक असतो. रोज सकाळी तो उघडला की फुस्स करून पाणी बाहेर पडतं, बहुधा तेल मिसळलेलं, दुधाळ. हे काम नेहमी नव्या पोराला मिळतं. एक दिवस विसरला तर ते पाणी हवेबरोबर लाइनीत जातं, सिलिंडर गंजतात, आणि मग शिव्याही त्या नव्या पोरालाच मिळतात.

आता प्रश्न असा, की आपण टाकीत फक्त हवा भरली, मग पाणी आलं कुठून?

भाचा म्हणाला, हवेतली वाफ. ठीक. पण ती वाफ हवेत असताना पाणी होऊन पडत नव्हती, टाकीत का पडली? "दाबली म्हणून." नुसतं दाबून नाही. हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत वाफ खुशाल राहते. मग किती तापते ते काढ बघू.

त्याने सूत्र लिहिलं: T2 = T1 × (p2/p1)^0.286. सूत्र अचूक. हवा ३० अंशांची, आणि गेजवर ७ बार. त्याने T1 च्या जागी ३० घातले, गुणोत्तर ७ घेतलं आणि उत्तर काढलं, साधारण ५२ अंश. चेहऱ्यावर समाधान. मला विचाराल तर या उत्तरात सगळ्यात वाईट काय असेल तर ते पटण्यासारखं दिसतं. त्यात दोन चुका आहेत. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून खरा दाब ८ बार. आणि तापमान केल्विनमध्ये हवं. मी त्याला म्हटलं, हेच शून्य अंशाची हवा घेऊन कर. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, म्हणजे हवा तापलीच नाही! तेव्हा तो चपापला. आपलं सूत्र कुठे चुकतंय हे ओळखायची ही सोपी युक्ती आहे.

नीट केलं तर ३०३ केल्विनचे साधारण ५४९ होतात, म्हणजे जवळजवळ २७६ अंश सेल्सियस. हे आदर्श गणित, एका दमात आणि थंड न करता दाबलं तर. म्हणूनच बऱ्याच कॉम्प्रेसरना दोन सिलिंडर असतात आणि मधे पंख्यापुढे फिन लावलेली नळी. दाब दोन टप्प्यांत वाढवायचा आणि मधे हवा थंड करून घ्यायची. प्रत्येक टप्प्याला हवा १३५ अंशांच्या आसपासच जाते आणि कागदावर कामात साधारण १५ टक्के बचत होते. "ती नळी मी पुसायचो," भाचा म्हणाला. महिनाभर इंटरकूलर पुसत होता आणि परीक्षेत त्याची आकृतीही काढून आला होता, पण दोन्ही एकच आहेत हे त्याला रविवारी दुपारी माझ्या घरी कळलं.

आता पाणी. पावसाळ्यातली हवा धरू. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २४ ग्रॅम असते. अशी आठ घनमीटर हवा आत घेतली म्हणजे १९२ ग्रॅम वाफ आली. दाबून, टाकीत पुन्हा ३० अंशांवर आल्यावर तिचं आकारमान उरलं एक घनमीटर. त्यात मावणार ३०च ग्रॅम. उरलेले १६० ग्रॅमच्या वर पाणी बुडाशी. म्हणून जुलैत कॉक जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. हे त्याने पाहिलं होतं, फक्त कधी विचारलं नव्हतं.

गंमत बघा, त्यात आदर्श वायूचं गणित आलं, गेज आणि निरपेक्ष दाब आला, इंटरकूलर आला, आर्द्रता आली. अर्धा पेपर एका कॉकमधून बाहेर पडला.

मग म्हटलं, आणखी काय करायचास? "बुश मोजायचो. प्लग गेजने." वीस एमएम एच-सेव्हन भोक, म्हणजे २०.००० ते २०.०२१. गेजचं 'गो' टोक आत जायला हवं, 'नो गो' जाता कामा नये. व्हर्नियरने का नाही मोजायचं? कारण ज्याची सगळ्यात लहान मोजणी ०.०२ त्याने ०.०२१ ची मर्यादा काय तपासणार! हे त्याला येत होतं. आणि काही गडबड झाली कधी? पुन्हा ते चाचरणं. एकदा संध्याकाळी त्याने पास केलेले बुश सकाळी नापास निघाले होते. 'गो' आत जाईना. सुपरवायझर चिडले होते. हे सांगायची त्याला लाज वाटत होती.

का झालं असेल? कूलंटची नळी सरकली होती, बुश हाताला चांगले गरम लागत होते. मी विचारलं, लोखंड तापलं तर मधलं भोक मोठं होतं की लहान? निम्मी मुलं इथे पडतात, धातू आतल्या बाजूलाही फुगेल म्हणून भोक लहान होईल म्हणतात. भोक मोठंच होतं, जणू तिथेही लोखंड असावं तसं. स्टीलचा २० एमएम व्यास २८ अंशांनी तापला तर सहा-साडेसहा मायक्रॉनने वाढतो. गरम असताना भोक २०.००४ असेल तर थंड झाल्यावर १९.९९८. गेज थंड, बुश गरम, म्हणून संध्याकाळी पास. दोन्ही एकाच तापमानाला येऊ दिले असते तर गाडं अडलं नसतं, दोन्ही स्टीलचे असल्याने बरोबरीने फुगतात.

माझं स्पष्ट मत आहे, की मुलाखतीत सांगण्यासारखी याच्या महिन्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती चूकच होती. आणि बायोडेटात ती कुठेच नव्हती.

यात दोष एकट्या मुलांचा नाही हेही कबूल करतो. आम्ही पलीकडे बसणारे आळशी असतो. व्याख्या विचारणं सोपं, उत्तर बरोबर की चूक लगेच कळतं. पोरांना ते ठाऊक असतं, म्हणून ती व्याख्या पाठ करून येतात आणि कॉक विसरून येतात. मी स्वतः किती जणांना असं परत पाठवलं असेल, या विचाराने मला रविवारी रात्री जरा वेळ झोप लागली नाही.

असो. आम्ही मग त्या दोन ओळी खोडल्या आणि तीन रकाने केले: स्वतः केलं, शेजारी उभं राहून पाहिलं, फक्त ऐकलं. पहिल्यात दोनच गोष्टी आल्या, कॉम्प्रेसर आणि बुश. व्हीएमसी दुसऱ्या रकान्यात गेलं, असेंब्ली तिसऱ्यात. तो जरा हिरमुसला. "मामा, हे फारच कमी दिसतंय."

म्हटलं, कमी दिसतंय, पण यातल्या प्रत्येक शब्दावर तू दहा मिनिटं बोलू शकतोस. त्या पाच विभागांवर एक मिनिट तरी बोलता आलं असतं का? आणि सांगताना क्रम ठेव. वस्तू कोणती, माप किती, कशाने मोजलं, काय बिघडलं, का बिघडलं. दुसऱ्या रकान्यातलं विचारलं तर सरळ सांग, हे मी पाहिलंय, केलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. व्याख्या एकच विचारली. बुशवर बराच वेळ गेला. व्हीएमसीवर ऑफसेट कसा देतात असं विचारल्यावर त्याने सांगितलं की ऑपरेटरला देताना पाहिलंय, मी दिलेला नाही, आणि समोरचा मान हलवून पुढे गेला. निकाल आठवड्याने. ताई रोज विचारते, काय होईल रे? मला काय माहीत!

पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मामा, आपल्या फ्रिजच्या मागेही ती तशीच नळी आहे ना?"

म्हटलं, हात लावून बघ, गरम लागेल. का ते पुढच्या रविवारी सांग.