अडीच तासांच्या सभेत मतदान नेमके कुठे आहे?

महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीच्या पुनर्विकासासाठी विकासक निवडायचा असेल, तर त्या सभेचे व्हिडिओ चित्रीकरण करावे लागते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात तशी तरतूद आहे. चित्रीकरण होते, लिंक सोसायटीच्या ग्रुपवर येते. पण अडीच तासांच्या व्हिडिओत मतदान शोधत बसायला कोणाला वेळ असतो? वाद निर्माण झाला की मग 'रेकॉर्डिंग आहे ना' एवढेच उत्तर मिळते. म्हणून अशा व्हिडिओला वेळेसह प्रकरणे पाडणे हे सचिवांच्या कामातच धरायला हवे.

त्यासाठी पूर्ण व्हिडिओ पाहावा लागत नाही. समजा, कॅमेरा १०:१२ वाजता सुरू झाला आणि सचिवांच्या वहीत मतदानाची वेळ ११:५८ आहे. वजाबाकी केली की मतदान व्हिडिओत १ तास ४६ मिनिटांच्या आसपास सापडते. तिथे ऐकून, अध्यक्ष विषय पुकारतात त्याच्या काही सेकंद आधीची वेळ नक्की करावी. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात ही यादी अशी लिहावी:

```
00:00 सभेची सुरुवात
08:05 गणपूर्ती
25:10 विकासकांचे प्रस्ताव
1:03:20 सभासदांचे प्रश्न
1:45:50 मतदान
2:19:00 निकाल व ठराव
```

पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे हवे. यातले एक जरी चुकले, तरी खालच्या पट्टीवर प्रकरणे दिसत नाहीत. आकडे इंग्रजीच ठेवावेत.

तपासणी शेवटच्या प्रकरणापासून करावी. हिशेबाने २:१९ ला यायला हवा असलेला निकाल २:१२ लाच लागत असेल, तर मध्ये कुठेतरी सात मिनिटे कॅमेरा बंद होता. वहीतली एकेक नोंद ताडून पाहिली की तो खंड कुठे पडला हे कळते. तो खंड झाकू नये, इतिवृत्तात नोंदवावा. व्हिडिओची सुरुवात नंतर कापली तर पुढच्या सगळ्या वेळा सरकतात. शिवाय कापलेल्या चित्रीकरणावर सभासदांचा विश्वास राहत नाही.

खरा प्रश्न नावांचा आहे. 'सभासदांचे प्रश्न' हे शीर्षक योग्य. 'विरोधकांचा गोंधळ' हे नव्हे. मतदान 'इतर चर्चा' या प्रकरणात दडवणे तर त्याहून वाईट. विषयपत्रिकेतलेच शब्द वापरावेत आणि मतदान व निकाल यांना स्वतंत्र प्रकरण द्यावे. अर्थात, प्रकरणांची यादी म्हणजे इतिवृत्त नव्हे. पण इतिवृत्तात लिहिलेला ठराव सभेत खरोखर तसाच मांडला गेला होता का, हे सभासदाला मोबाइलवर मिनिटभरात पडताळता येते.