हार्ड डिस्क घ्यायच्या आधी गुणाकार करा



स्कॅनिंगचं काम सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो : "सर, किती टीबीची हार्ड डिस्क घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. आधी कुठला कागद, किती डीपीआयवर, कोणत्या रंगात आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये स्कॅन करणार ते ठरवा. हार्ड डिस्कचा आकडा त्यातून आपोआप निघतो. आणि बहुतेक वेळा तो दुकानदार सांगतो त्यापेक्षा बराच लहान असतो.

आपल्या भंडाऱ्याकडे, म्हणजे पवनी, तुमसर, लाखांदूर, साकोली कुठेही, हे काम दोन प्रकारचं येतं. एक म्हणजे घरातले जुने फोटो. दुसरं म्हणजे जुने कागद : शाळेच्या दाखल-खारीजची नक्कल, कोतवाल पंजीची नक्कल, जुने सातबारे, फेरफार, खरेदीखत. जात पडताळणीसाठी लोक हे कागद शोधत फिरतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदी शोधताना जुन्या नोंदवह्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या, त्यातली कित्येक पानं मोडीतली. अशा कागदावर एखादं फिकट अक्षर वाचता येतं की नाही, यावर कुणाचं तरी प्रमाणपत्र अडकलेलं असतं. म्हणून जागा वाचवायची, पण कुठे वाचवायची आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे.

हिशोब सोपा आहे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर घेतला तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके. साध्या कलरमध्ये, म्हणजे २४ बिटमध्ये, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. झाले सुमारे २६ एमबी. ग्रेस्केलमध्ये ठिपक्याला १ बाइट, म्हणजे साडेआठ एमबीच्या आसपास. ४८ बिट कलरमध्ये ६ बाइट, म्हणजे ५२ एमबी.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट : डीपीआय दुप्पट केला की फाइल दुप्पट नाही, चौपट होते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात. एक्सेलमध्ये एका ओळीत रुंदी, उंची (इंचात), डीपीआय, बिट आणि नगसंख्या भरा आणि हे सूत्र टाका. उत्तर एमबीमध्ये येईल.

```
=A2*B2*C2^2*D2/8/1000000*E2
```

आता एक ऑर्डर घेऊ. समजा ४ बाय ६ चे ३०० फोटो, पासपोर्ट साइजचे ६० फोटो आणि ए-फोर आकाराचे ८०० कागद आहेत.

४ बाय ६ चे फोटो ६०० डीपीआय, २४ बिट कलर. गिऱ्हाइकाला उद्या ८ बाय १२ ची प्रिंट काढायची असेल तर एवढं पुरतं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी पिवळा पडला असेल किंवा डाग असतील तर कलरच घ्या, डाग काढताना तो रंग कामी येतो. ३०० फोटोंचे झाले ७.८ जीबी.

पासपोर्ट फोटोला मात्र १२०० डीपीआय द्या. आजोबांचा एकच फोटो घरात उरलेला असतो आणि तोच मोठा करून भिंतीवर लावायचा असतो. ३०० डीपीआयवर तो जेमतेम ४०० बाय ५०० ठिपक्यांचा येतो, मोठा केला की चेहरा फाटतो. १२०० वर साधारण साडेपाच बाय सात इंचाची चांगली प्रिंट निघते. फाइल येते साडेदहा एमबी, ६० फोटोंचे जेमतेम ०.६ जीबी. म्हणजे जास्त डीपीआय लहान फोटोला द्यायचा, मोठ्याला नाही.

कागद ३०० डीपीआय कलर. ए-फोर पानाचे तेही २६ एमबीच्या आसपास, ८०० पानांचे जवळपास २१ जीबी. म्हणजे सगळं कच्च्या टीआयएफएफमध्ये ठेवलं तर ऑर्डर सुमारे २९ जीबीची.

आता तीच ऑर्डर "क्वालिटी हाय पाहिजे" म्हणून सरसकट १२०० डीपीआय, ४८ बिटवर लावली तर? एकच ए-फोर पान ८३५ एमबीचं होतं आणि पूर्ण ऑर्डर ७३० जीबीच्या वर जाते. स्कॅनरचा वेळ वाढतो तो वेगळाच. कागदावरचं अक्षर मात्र तेवढंच वाचता येतं.

उलट टोकही वाईट आहे. स्कॅनरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट निवडलं की प्रत्येक ठिपका फक्त काळा किंवा पांढरा, १ बिटचा. पान कच्चं १.१ एमबीचं होतं, दाबून ठेवलं तर आणखी लहान. टाइप केलेल्या स्वच्छ पानाला हे चालतं. पण फिकट शाईची जुनी नोंद घेतली की स्कॅनर ती शाई सरळ पांढरी समजून उडवतो आणि लाल शिक्का काळा करून अक्षरावर चढवतो. ओळखायचं कसं? मूळ कागद शेजारी धरा, स्कॅन १०० टक्के झूमवर उघडा आणि सगळ्यात फिकट ओळ वाचा. तुटक दिसली तर कलरमध्ये पुन्हा घ्या. कागद परत गेल्यावर हे काम होत नाही.

जागा वाचवायची ती फॉरमॅटमध्ये. फोटोची मूळ प्रत टीआयएफएफ आणि देण्यासाठी एक जेपीईजी. कागद चांगल्या क्वालिटीचे जेपीईजी किंवा पीडीएफ. जेपीईजी किती एमबीची येईल हे सूत्राने निघत नाही, कारण ते पानावर काय आहे त्यावर ठरतं. म्हणून ऑर्डरमधली वेगवेगळी दहा पानं स्कॅन करून सरासरी काढा. समजा ३ एमबी आली, तर ८०० पानांचे २.४ जीबी. फोटोंचे ८.४ आणि त्यांच्या जेपीईजीचे २ धरले तरी ऑर्डर १३ जीबीत बसते. गिऱ्हाइकाला ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

आता दुकानाचा आकडा. महिन्याला अशा ६ ऑर्डर आणि प्रत्येक ऑर्डर ३ महिने ठेवायची, तर एका वेळी २३४ जीबी. तिसरा हिस्सा मोकळा धरला तरी ३५१. म्हणजे १ टीबी भरपूर झाली. विंडोज ती ९३१ जीबी दाखवेल. त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

म्हणून माझं म्हणणं : ४ टीबीची एक घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या. दोन्हीवर सारखाच डेटा, एक दुकानात, एक घरी. एक बंद पडली तर गिऱ्हाइकाचे फोटो वाचतात. आणि पावतीवर लिहा : "स्कॅन ९० दिवस ठेवले जातील, नंतर पुसले जातील." लोकांची खरेदीखतं आपल्या दुकानात कायम पडून राहणं बरं नाही. शिवाय ही ओळ नसेल तर वरचा सगळा हिशोब दर महिन्याला वाढत जातो.

पुढची ऑर्डर आली की भाव सांगायच्या आधी पट्टी घेऊन फोटो मोजा आणि सूत्र भरा. दुकानात डिस्क विचारायला जाल तेव्हा आकडा तुमच्या हातात असू द्या.