तीन आकडे, दोन बँका : पीएमसी आणि न्यू इंडियाच्या ताळेबंदात ठेवीदाराला काय दिसत होतं?

सहकारी बँकांच्या वार्षिक सभेत अहवाल वाटला जातो. लोक पहिल्या पानावरचा नफा आणि लाभांश बघतात आणि अहवाल पिशवीत टाकतात. पण ठेव सुरक्षित आहे का, हे मागच्या पानांवर बारीक अक्षरात छापलेल्या तीन आकड्यांत जास्त कळतं: व्याजातलं मार्जिन, थकीत कर्जाचं प्रमाण म्हणजे एनपीए, आणि भांडवल पर्याप्तता. हे तीन आकडे कधी खरं सांगतात आणि कधी फसवतात, हे मुंबईच्या दोन बँकांवरून चांगलं दिसतं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध घातले, तर न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी 2025 मध्ये. दोन्हीकडे ठेवीदार शाखेबाहेर रांगेत उभे राहिले. पण निर्बंधाआधीचे आकडे पाहिले तर दोघींची गोष्ट एकदम वेगळी.

पीएमसीने मार्च 2019 ला एकूण एनपीए 3.76 टक्के दाखवला होता. म्हणजे 100 रुपये कर्जात पावणेचार रुपये थकलेले. भांडवल पर्याप्तता 12 टक्क्यांच्या वर आणि नफा 100 कोटींच्या घरात. ठेवी 11,600 कोटींच्या पुढे. असा अहवाल हातात पडला तर कुणीही म्हणेल, बँक दणकट आहे.

न्यू इंडियाचं मार्च 2024 चं चित्र उलटं. एनपीए 8 टक्क्यांच्या जवळ, भांडवल पर्याप्तता 9 टक्क्यांच्या आसपास. या आकाराच्या नागरी बँकांना तेव्हा किमान 10 टक्के लागत होती. शिवाय लागोपाठ दोन वर्षं तोटा, आधी 30 कोटींहून अधिक आणि नंतर साधारण 23 कोटी. इथे अहवाल स्वतःच ओरडून सांगत होता.

आता मार्जिनचं बघू. बँक कर्जदाराकडून आणि गुंतवणुकीतून व्याज घेते आणि ठेवीदाराला व्याज देते. या दोन्हीतली शिल्लक भागिले व्याज मिळवणारी मालमत्ता, हे मार्जिन. समजा एका बँकेला वर्षात 80 कोटी व्याज आलं, तिने ठेवीदारांना 52 कोटी दिलं. उरले 28 कोटी. व्याज कमावणारी मालमत्ता 900 कोटी असेल तर मार्जिन 3.1 टक्के. यातूनच पगार, भाडं, वीजबिल आणि बुडीत कर्जाची तरतूद निघायची. शेजारच्या बँकेचं मार्जिन दीड टक्का असेल, तर तिच्याकडे दोन-तीन मोठी कर्जं थकली तरी सावरायला जागा नाही. न्यू इंडियाच्या ठेवी 2,400 कोटींच्या पुढे आणि कर्जं 1,200 कोटींच्याही आत, म्हणजे ठेवीच्या निम्मंही कर्जवाटप नाही. ठेवीला व्याज तर द्यावंच लागतं. बाकीचा पैसा कमी व्याजाच्या गुंतवणुकीत पडून राहिला की मार्जिन दबतं.

मग पीएमसीत काय झालं? तिथे एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे गेलेली होती. ती कर्जं थकली, पण थकीत म्हणून दाखवलीच नाहीत. तपासात समोर आलं की ती लपवण्यासाठी 21,000 हून अधिक बनावट कर्जखाती तयार केली होती.

नियम असा आहे की साधारण कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवस थकलं की ते एनपीए. त्यानंतर त्याचं व्याज हाती पडल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही आणि तरतूदही करावी लागते. आता हेच कर्ज 'चांगलं' म्हणून वहीत ठेवलं तर काय होतं? एनपीए कमी दिसतो. न मिळालेलं व्याज उत्पन्नात चढतं, म्हणून मार्जिन चांगलं दिसतं. तरतूद करावी लागत नाही, म्हणून भांडवलही भरलेलं दिसतं. म्हणजे आकडे तीन असले तरी त्यांचं मूळ एकच: थकलेल्या कर्जाला थकलेलं म्हटलं की नाही. एका ठिकाणी लपवलं की तिन्ही एकदम सुधारतात. खरे हिशेब झाल्यावर पीएमसीचा 2019-20 चा तोटा 6,800 कोटींच्या पुढे गेला आणि सगळं भांडवल धुऊन निघालं.

भांडवल पर्याप्तता म्हणजे बँकेचा स्वतःचा पैसा (भागभांडवल, राखीव निधी) भागिले जोखमीची मालमत्ता. सरकारी रोख्यांना जोखीम जवळपास नाही, साध्या कर्जाला पूर्ण. जोखमीच्या 100 रुपयांमागे स्वतःचे 12 असतील, तर तेवढ्या कर्जातले 12 बुडेपर्यंत ठेवीदाराला धक्का लागत नाही, 13 वा रुपया मात्र ठेवीदाराचा. पण हा हिशेब वहीत लिहिलेलं खरं आहे असं धरून चालतो. न्यू इंडियात 122 कोटींची रोकड तिजोरीत नसल्याचा गुन्हा दाखल झाला. तिजोरीतली रोकड जोखीममुक्त धरतात, त्यामुळे ती गायब झाली तरी पर्याप्ततेच्या आकड्यात ते दिसायला कुणीतरी आधी मोजावं लागतं.

त्यामुळे तालुक्यातल्या दोन बँकांची तुलना करताना तीन आकड्यांबरोबर अहवालात आणखी दोन ओळी शोधायच्या. एक, सर्वांत मोठ्या 20 कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के आहे. अर्थात पीएमसीसारखी बनावट खाती तयार केली तर ही ओळही फसवू शकते. दुसरी, येणे व्याज. कर्ज 10 टक्क्यांनी वाढलं आणि येणे व्याज 40 टक्क्यांनी, तर सभेत हात वर करून विचारायचं की हे व्याज वहीतच का आहे, वसूल का नाही. एका वर्षाचा आकडा बघून काही कळत नाही, निदान तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवायचे.

जिल्हा मध्यवर्ती बँक आणि नागरी बँक यांची मात्र सरळ तुलना करू नये. पीक कर्जाला 90 दिवसांचा नियम लागत नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए होतं. म्हणून दुष्काळाचा फटका मध्यवर्ती बँकेच्या आकड्यात उशिरा उतरतो, आणि कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की वसुली थांबून पुन्हा वर जातो. मध्यवर्तीचा एनपीए मध्यवर्तीशीच ताडून बघावा.

पुढे पीएमसी जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली. मोठ्या रकमेच्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत पैसे मिळायचं ठरलं. न्यू इंडिया ऑगस्ट 2025 मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तुकडे केले तरी ते एकत्रच मोजले जातात. गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही, त्यामुळे तिथे ठेव ठेवणाऱ्याला ताळेबंदाशिवाय दुसरा आधार नाही.