परीक्षक आले नाहीत, तर तारीख बदला. सही मागाहून घेऊ नका

‘बाहेरचे परीक्षक आले नाहीत म्हणून काय बिघडलं? गाइड आहेत, विभागप्रमुख आहेत. मुलांचं प्रेझेंटेशन उरकून टाका, सही मागाहून घेता येईल.’ अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये शेवटच्या सत्राच्या तोंडी परीक्षांच्या दिवसांत हा सल्ला हमखास ऐकू येतो. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मुलांची लेखी परीक्षा तोंडावर असते, वसतिगृह रिकामं करायचं असतं, कुणाला नोकरीवर रुजू व्हायचं असतं. अशा वेळी तारीख बदलणं म्हणजे मुलांना छळणं, असं या मंडळींना मनापासून वाटतं.

पण हा सल्ला मुलांच्याच मुळावर येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या प्रकल्पाला दुसऱ्या टप्प्यात टर्मवर्कचे १०० आणि सादरीकरणाचे ५० गुण आहेत. टर्मवर्कचे गुण वर्षभराच्या रिव्ह्यूंवरून, लॉगबुकवरून महाविद्यालयातच ठरतात. बाहेरच्या माणसाची नजर पडते ती फक्त सादरीकरणावर. ज्याने प्रकल्प पाहिलाच नाही त्याची सही गुणपत्रकावर घेतली, की ती नजरही गेली. मग गाइडशी ज्याचं जमलं नाही, पण काम चोख आहे, अशा मुलाने दाद मागायची कुणाकडे?

शिवाय कागद बोलतात. परीक्षकाच्या मानधनाच्या आणि प्रवासभत्त्याच्या बिलावर हजेरीची तारीख असते, तीच गुणपत्रकावरही असते. पुढे एखाद्या विद्यार्थ्याने गुणांबद्दल तक्रार केली आणि त्या दिवशी परीक्षक दुसऱ्याच गावी होते असं निघालं, तर संशय एका गटावर थांबत नाही. त्या पॅनेलसमोर बसलेल्या सगळ्याच मुलांचे गुण वादात सापडतात.

मग करायचं काय? आधी पाहायचं, कोण गैरहजर आहे. विभागप्रमुख किंवा प्रकल्प समन्वयक येऊ शकत नसतील आणि ते नेमलेले परीक्षक नसतील, तर तारीख हलवायचं कारणच नाही. गाइड हे अंतर्गत परीक्षक असतील आणि तेच आजारी पडले, तर विषय जाणणाऱ्या दुसऱ्या अध्यापकाला प्राचार्य लेखी जबाबदारी देऊ शकतात. फक्त अहवालातल्या प्रमाणपत्रावर गाइडची सही झालेली आणि टर्मवर्कचे गुण ठरलेले असले पाहिजेत. बाह्य परीक्षकाचं तसं नाही. त्यांची नेमणूक विद्यापीठाच्या यंत्रणेतून होते, त्यामुळे त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवायचा तर तो त्याच वाटेने आला पाहिजे. प्राचार्यांनी किती अधिकार वापरायचा आणि विद्यापीठाला आधी विचारायचं की नुसतं कळवायचं, हे विद्यापीठागणिक बदलतं. परीक्षा विभागाचं परिपत्रक काढून पाहणं हे पहिलं काम.

एक प्रसंग धरून चालू. बुधवारी सकाळी चार गटांचं सादरीकरण आहे. मंगळवारी रात्री नऊला बाह्य परीक्षकांचा समन्वयकांना फोन येतो, की घरात आजारपण आहे, उद्या येणं जमणार नाही. समन्वयक त्यांना दोनच ओळींचा ई-मेल पाठवायची विनंती करतात, कारण फोनची नोंद राहत नाही. तो ई-मेल त्याच रात्री विभागप्रमुखांकडे आणि महाविद्यालयाच्या परीक्षा अधिकाऱ्यांकडे जातो. मुलांना रात्रीच कळवलं जातं, म्हणजे सेन्सरचं किट घेऊन कुणी पहाटेची बस पकडत नाही. बुधवारी सकाळी प्राचार्यांचं पत्र विद्यापीठाला जातं. त्यात मूळ परीक्षकांची अडचण, पर्यायी परीक्षकाचं नाव, नवी तारीख आणि चारही गटांचे बैठक क्रमांक असतात. शुक्रवारी दुपारी परीक्षा होते आणि संध्याकाळी गुण ऑनलाइन भरले जातात.

इथे एक धोका आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ तारखेच्या यादीवर या मुलांच्या नावापुढे चुकून ‘गैरहजर’ पडलं आणि ती यादी तशीच पुढे गेली, तर शुक्रवारी उत्तम सादरीकरण करूनही निकालात तो विषय राहिलेला दिसतो. दुरुस्तीसाठी मग विद्यापीठाच्या खेपा सुरू होतात. म्हणून बुधवारच्या यादीवर ‘परीक्षक अनुपलब्ध, परीक्षा पुढे ढकलली’ असा शेरा आणि खाली सही हवीच.

तारीख बदलली तर निकाल लांबेल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत लावायचा असतो, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत. हे दिवस परीक्षेच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात. लेखी परीक्षा अजून व्हायची असताना तोंडी परीक्षा दोन दिवस पुढे गेली, तर निकालाला काहीच धक्का लागत नाही. खरी मुदत असते ती गुण भरण्याची. ती उलटून गेली की निकाल राखून ठेवला जातो. त्यामुळे नवी तारीख ठरवताना त्या मुदतीच्या आत दोन दिवस तरी हाताशी ठेवावेत.

काही विभाग याच्या उलट टोकाला जातात. एक परीक्षक आले नाहीत म्हणून सगळं वेळापत्रकच आठवडाभर पुढे ढकलतात, कारण ‘सगळ्यांना सारखा न्याय’. हा न्याय नव्हे. दुसऱ्या पॅनेलसमोरची जी मुलं तयार आहेत, ज्यांचे परीक्षक आलेले आहेत, त्यांना लेखी परीक्षेच्या उंबरठ्यावर ताटकळत ठेवण्यात काय न्याय आहे? हलवायचे ते अडलेले चार गटच.

सर्वांत चीड आणणारी पद्धत वेगळीच आहे. मुलांच्या हाती परीक्षकांचा नंबर देऊन ‘तुम्हीच बोला, वेळ घ्या’ असं सांगितलं जातं. उद्या जो गुण देणार, त्याच्याकडे आज मुलांनी विनवण्या करायच्या! त्यांना आणायला गाडी कोण पाठवणार, इथपर्यंत हे प्रकरण जातं. हे काम विभागाचं आहे. मुलांनी पत्र लिहावं ते गाइडना, आणि ते एवढंच असावं: ‘सर, आमचा गट क्रमांक सात. बुधवारची परीक्षा झाली नाही. त्या दिवशी आम्ही चौघे परीक्षेला तयार होतो, याची कृपया नोंद व्हावी. शुक्रवार दुपार, शनिवार सकाळ किंवा सोमवार यांपैकी कोणतीही वेळ आम्हाला चालेल. सोमवारनंतर लेखी परीक्षा सुरू होते.’ यात गयावया नाही, तक्रार नाही, आणि निर्णय घ्यायला लागणारं सगळं आहे.

ऑनलाइन घेतली तर? २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा स्काइपसारख्या माध्यमातून घेण्याची मुभा दिली होती. ती करोनाच्या काळातली होती. आज तिच्या आधारे कुणी परस्पर निर्णय घेऊ नये. विद्यापीठाने लेखी परवानगी दिली, तर निव्वळ सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाला हा मार्ग चालण्यासारखा आहे. परीक्षक स्क्रीनवर कोड उघडायला सांगू शकतात, एखादी किंमत बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवायला लावू शकतात. हार्डवेअरच्या प्रकल्पाला मात्र तो चालत नाही. सर्किट हातात घेऊन, एक वायर काढून ‘आता काय होईल?’ असं विचारणारा परीक्षक समोरच हवा.

महाविद्यालयांनी एवढं तरी करावं. तोंडी परीक्षेचं वेळापत्रक लावतानाच त्यात एक राखीव दिवस छापावा, आणि प्रत्येक पॅनेलसाठी एका पर्यायी बाह्य परीक्षकाच्या नावाला विद्यापीठाची मान्यता आधीच मिळवून ठेवावी.