परदेशी जाताना झोपेची गोळी

मुलगा दुबई-शारजाला नोकरीला असला की आईवडील महिनाभर राहून येतात. सामानात लोणचे, पापड आणि रोजच्या गोळ्या असतात. ब्लडप्रेशर, मधुमेहाच्या गोळ्यांची सहसा अडचण येत नाही. प्रश्न येतो तो झोपेच्या गोळीचा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यामुळे 'चिठ्ठी आहे ना, मग कोण अडवणार?' असा पुष्कळांचा समज असतो. चिठ्ठी हवीच, पण संयुक्त अरब अमिरातीत ती एकटी पुरत नाही. तिथे ही औषधे नियंत्रित यादीत मोडतात आणि ती आणण्यासाठी प्रवासापूर्वीच सरकारची परवानगी घ्यावी लागते. परवानगीशिवाय गोळ्या सापडल्या तर अटक होऊन खटलाही होऊ शकतो. याच गोळ्या ब्रिटनला नेताना मात्र तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेल तर परवाना लागत नाही, डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवले की भागते. म्हणून लंडनला जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा सल्ला दुबईसाठी चालत नाही.

समजा, बासष्ट वर्षांच्या एक बाई रोज रात्री अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमची एक गोळी घेतात आणि २५ दिवसांसाठी शारजाला निघाल्या आहेत. विमान लांबले तर पाच जास्त, म्हणजे एकूण ३० गोळ्या पुरे. त्यांनी डॉक्टरांकडून इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी व पत्र घ्यावे. नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. आजार, औषधाचे मूळ नाव (कंपनीचे नाव तिथे कुणी ओळखेलच असे नाही), मात्रा, एकूण गोळ्या आणि प्रवासाच्या तारखा त्यात असाव्यात. मग ही कागदपत्रे व पासपोर्टची प्रत जोडून मुलाने तिथल्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा. मंजुरीची छापील प्रत आणि मूळ पाकिटातल्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. डबीत सुट्या करून नेऊ नयेत. दुसऱ्या कुणासाठी म्हणून एक पाकीटही नेऊ नये, कारण त्या चिठ्ठीवर आपले नाव नसते.

'एवढी कटकट कशाला, महिनाभर गोळीच बंद ठेवते,' असे काहीजणी म्हणतात. हे त्याहून वाईट. वर्षानुवर्षे घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे घेऊन हळूहळू मात्रा कमी करावी लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की विमानाचे तिकीट काढण्याआधी गोळीचे नाव घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि आम्हा डॉक्टरांनीही ही चिठ्ठी दोन ओळींत, घाईघाईत उरकू नये.