चॅट भरकटले? मग नवीन सुरू करा!

निफाड तालुक्यातील एखाद्या द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घेऊ. गोडी छाटणीनंतर त्याने मोबाइलवरील एआय चॅटमध्ये लिहिले, ‘छाटणी ५ ऑक्टोबरला झाली, पुढच्या कामांचे वेळापत्रक दे.’ नंतर लक्षात आले, की ती तारीख दुसऱ्या प्लॉटची; या प्लॉटची छाटणी १५ ऑक्टोबरची. त्याने तशी दुरुस्ती लिहिली. पुढे महिनाभर त्याच चॅटमध्ये कांद्याचा हिशेब, मजुरीचा तक्ता, बँकेचा अर्ज असे सगळे आले. मग त्याने विचारले, ‘छाटणीनंतरचा ४५वा दिवस कोणता?’ उत्तर मिळाले, १९ नोव्हेंबर. खरे उत्तर होते २९ नोव्हेंबर. बागेतली फवारणी छाटणीपासूनचे दिवस मोजूनच होते. तिथे दहा दिवसांची चूक महागात पडते.

असे का होते? प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचा संवादही एआयपुढे पुन्हा ठेवला जातो. दुरुस्ती सांगितली तरी जुनी तारीख पुसली जात नाही. दोन्ही तारखा मजकुरात राहतात. संवाद लांबला, की मध्येच कुठेतरी सांगितलेली गोष्ट निसटण्याची शक्यता वाढते. शिवाय एका वेळी किती मजकूर वाचता येईल, यालाही मर्यादा असते. ती ओलांडली, की अनेक अॅप जुना भाग गाळतात किंवा त्याचा सारांश करतात. देवनागरी मजकूर सहसा इंग्रजीपेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे मराठी चॅट लवकर भरते.

मग थांबायचे कधी? एकच चूक दोनदा दुरुस्त करूनही तिसऱ्यांदा आली, तर त्याच चॅटमध्ये वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक तक्रारीबरोबर चुकीची माहिती पुन्हा मजकुरात येते. कांद्याचे आकडे द्राक्षाच्या उत्तरात दिसू लागले, तरी तोच इशारा समजावा. विषय बदलला, तर गोंधळ होण्याआधीच वेगळे चॅट उघडावे.

मात्र नवीन चॅटला जुने काही ठाऊक नसते, असे धरून चालावे. म्हणून आधी जुन्या चॅटकडूनच ठरलेल्या गोष्टींचा दहा ओळींचा सारांश मागावा. तो स्वतःच्या वहीशी ताडून पाहावा, कारण गोंधळलेल्या चॅटचा सारांशही चुकू शकतो. ५ ऑक्टोबरचा उल्लेख पूर्ण काढावा. ‘ती तारीख चुकीची होती’ असेही लिहू नये. प्लॉट, वाण आणि १५ ऑक्टोबर एवढेच देऊन प्रश्न विचारावा. काही अॅपमध्ये ‘मेमरी’ची सोय असते. तिथे जुनी तारीख साठवलेली असेल, तर तीही काढावी.

एकच विषय नीट चालला असेल, तर केवळ चॅट लांबले म्हणून ते सोडण्याचे कारण नाही. आणि नवीन चॅटने तारीख बरोबर सांगितली, तरी फवारणीआधी कॅलेंडरवर दिवस मोजावेतच.